सड्यावरची फुलं आणि गर्दीचं गणित

भाद्रपद लागला की पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांत एकच विषय निघतो, यंदा कासला कधी जायचं? त्यातच कुणीतरी मागच्या वर्षी जाऊन आलेलं असतं आणि सांगतं, नका जाऊ, फुलांपेक्षा माणसंच जास्त. लगेच दुसरं कुणी म्हणतं, छे, आम्हाला तर सगळं पठार मोकळं मिळालं. दोघंही खरंच बोलत असतात. एकजण रविवारी दुपारी बाराला पोचलेला असतो आणि दुसरा बुधवारी सकाळी आठला. म्हणून एखाद्या ठिकाणी गर्दी आहे की नाही, याचं उत्तर त्या ठिकाणाच्या नावावर मिळत नाही. तिथे एका वेळी किती माणसं असतात आणि त्या जागेला किती सोसतात, या दोन गोष्टींवरून ते काढावं लागतं. कासच्या बाबतीत ते कागद-पेन्सिल घेऊन काढता येतं, कारण तिथे एक आकडा जाहीर आहे.

साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून १२०० मीटरच्या आसपास असलेलं हे जांभ्या दगडाचं पठार. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागांना मिळून जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात महाराष्ट्रातल्या चार होत्या: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. बाकीच्या तीन अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं. तिथे आत शिरायलाच खटाटोप करावा लागतो. कासला मात्र डांबरी रस्ता थेट फुलांना चिकटून जातो. त्यामुळे त्या मान्यतेनंतरचा सगळा लोंढा या एकाच जागेवर आला. शेवटी वनखात्याने आणि स्थानिक गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी हंगामात आगाऊ ऑनलाइन नोंदणी सुरू केली आणि दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घातली.

आता हिशेब करू. पठार सकाळी सात ते संध्याकाळी सहा असं अकरा तास उघडं आहे आणि प्रत्येक माणूस दोन तास थांबतो, असं धरून चालू. ३००० माणसं दिवसभरात सारखी विभागून आली तर तासाला पावणेतीनशेच्या आसपास येतील आणि कुठल्याही क्षणी पठारावर साधारण साडेपाचशे असतील. इतक्या मोठ्या माळावर ती जाणवतात, पण खुपत नाहीत. प्रत्यक्षात मात्र माणसं सारखी विभागून येत नाहीत. पुण्याहून सहाला निघालेली गाडी वाटेत नाश्ता करून दहाच्या सुमाराला पोचते आणि सगळ्यांचं तेच होतं. ३००० पैकी १८०० जण दहा ते दोन या चार तासांत आले, तर तासाला साडेचारशे आणि एका वेळी पठारावर नऊशे. उरलेले १२०० बाकीच्या सात तासांत पांगतात, म्हणजे तेव्हा एका वेळी साडेतीनशेसुद्धा नाहीत. एकाच दिवशी, एकाच तिकिटात, सकाळी आठच्या माणसाला दुपारी बाराच्या माणसापेक्षा जवळपास तिसरा हिस्सा गर्दी मिळते. वेळांचे हे आकडे मी धरलेले आहेत, पण ते थोडे मागेपुढे केले तरी निष्कर्ष फारसा हलत नाही.

हेच गणित रस्त्यालाही लावून बघावं. गाडीत पाच माणसं धरली तर तासाला साडेचारशे म्हणजे नव्वद गाड्या, दर दोन मिनिटांना तीन. यवतेश्वरच्या घाटातून वर जाणारा रस्ता अरुंद आहे, आणि एकच्या सुमाराला परतणाऱ्या गाड्या वर येणाऱ्यांना आडव्या भेटू लागतात. शिवाय ३००० ही मर्यादा फाटकातून आत जाणाऱ्यांची आहे. त्याच रस्त्याने कास तलावावर जाणारे, पुढे बामणोलीला बोटीत बसायला निघालेले, नुसतेच कडेला गाडी लावून फोटो काढणारे त्या मोजणीत येतच नाहीत. म्हणून नोंदणी मिळाली तरी रस्ता तुंबलेला असू शकतो. नोंदणीचं पान पठारावरची गर्दी सांगतं, घाटातली नाही.

घरबसल्या अंदाज घ्यायचा तर सगळ्यांत विश्वासाचं साधन हे नोंदणीचं पानच आहे. ज्या शनिवारी जायचं आहे तो शनिवार किती दिवस आधी भरला, यावरून लाट केवढी आहे ते कळतं. आठ दिवस आधीच भरला असेल तर रस्त्यावर त्याहून जास्त माणसं येणार. आदल्या संध्याकाळपर्यंत जागा शिल्लक असतील तर बहुधा फुलं अजून धरलेली नाहीत, नाहीतर पाऊस जोरात आहे. दोन्ही उत्तरं कामाची.

दुसरं साधन म्हणजे गूगल मॅप्सवर ठिकाणाच्या नावाखाली दिसणारे तासागणिक गर्दीचे उभे पट्टे. ते सगळेच बघतात, पण त्यांचा अर्थ नीट लावत नाहीत. ज्यांनी आपल्या फोनला ठावठिकाणा नोंदवायची परवानगी दिलेली असते, त्यांच्या एकत्रित माहितीतून हे पट्टे काढतात आणि त्यांची उंची त्या ठिकाणच्या स्वतःच्या सर्वाधिक गर्दीच्या तासाशी ताडून ठरते. म्हणजे कासचा अर्धा पट्टा आणि एखाद्या अनोळखी सड्याचा पूर्ण पट्टा यांची तुलना करणं चूक आहे. कासच्या अर्ध्या पट्ट्यात चारशे माणसं असतील, त्या सड्याच्या पूर्ण पट्ट्यात चाळीस. दुसरी मर्यादा हंगामाची. हे पट्टे मागच्या काही महिन्यांच्या सरासरीवर उभे असतात, त्यामुळे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते आधीच्या महिन्यांतला ओस माळ दाखवतात आणि तुम्ही जाता तेव्हा बहर आलेला असतो. तिसरी, पठारावर मोबाइलला रेंज धड नसते, म्हणून ‘आत्ता’ची आकडेवारी तुटक येते. पट्टे वापरावेत ते एकाच कामासाठी: त्याच ठिकाणी कोणता तास हलका आहे, हे बघायला.

तिसरं साधन मला सर्वांत आवडतं, पण त्याला थोडी नजर लागते. लोकांनी टाकलेले फोटो ‘सर्वांत नवे आधी’ असे लावून घ्यावेत आणि फुलांकडे न बघता फुलांच्या मधल्या जमिनीकडे बघावं. पायवाट एकच आहे की तिला पोटवाटा फुटल्या आहेत? वाटेच्या कडेचं गवत उभं आहे की माणूस बसून उठल्यासारखी गोल खळगी दिसतात? चिखल लाल आणि गुळगुळीत झालाय का? रस्त्याकडेला गाजरगवत शिरलंय का? फोटोच्या कोपऱ्यात कणीस-भजीच्या किती टपऱ्या आहेत? टपरीवाला रोज पदरचे पैसे घालून येतो, त्याचा अंदाज सहसा चुकत नाही. एका टपरीच्या दोन वर्षांत दहा झाल्या असतील, तर तिथला निवांतपणा संपत आलेला आहे.

जमिनीकडे बघा असं मी म्हणतो, त्यामागचं कारण सविस्तर सांगायला हवं. कासला पर्याय शोधण्याची किल्लीही त्यातच आहे.

कासची फुलं मातीवर येत नाहीत असं म्हटलं तरी चालेल. जांभ्याच्या सपाट कातळावर कुठे बोटभर, कुठे वीतभर मातीचा थर आहे. पावसाळ्यात पाणी कातळातून खाली मुरत नाही, ते पृष्ठभागावरून झिरपत, पसरत, साचत राहतं. चार महिने दलदल आणि आठ महिने तापलेला तवा, अशा जागी झाडं उभी राहूच शकत नाहीत. एका पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून मरणाऱ्या वीतभर उंचीच्या वनस्पतीच तिथे टिकतात, आणि सावली धरणारं दुसरं काही नसल्यामुळे त्या हजारोंच्या संख्येने एकदम फुलतात. मातीत पोषण इतकं कमी की काहींनी कीटक खाण्याचा मार्ग धरला आहे. निळी-जांभळी ‘सीतेची आसवं’ दिसायला नाजूक, पण तिच्या जमिनीखालच्या बारीक पिशव्या पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात. ‘दवबिंदू’च्या पानांवर चमकणारे थेंब चिकट असतात, त्यावर बसलेला किडा सुटत नाही. पांढऱ्या चेंडूंसारखा गेंद, गुलाबी तेरडा, पिवळी कवळ्याची फुलं, सोनकी, ही सगळी याच उपाशी जमिनीची लेकरं.

अशा जमिनीवर पाऊल पडतं तेव्हा फूल मोडतं, ते दिसतं. पण त्याहून मोठं नुकसान दिसत नाही. ओला पातळ थर दाबला जातो, पाण्याचा झिरपा वळतो आणि पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात बीच रुजत नाही. पुष्कळ झाडं वर्षायू असल्यामुळे बी पडण्याआधी तुडवलं गेलेलं रोप म्हणजे त्या वर्षीचा हिशेब बुडाला. एखाद्या समुद्रकिनाऱ्यावर नऊशे माणसं आली तर रात्रीच्या भरतीने पावलं पुसली जातात. इथे ती पुढच्या भाद्रपदापर्यंत राहतात.

माणसांना पूर्ण आवरलं म्हणजे सगळं ठीक होतं, असंही नाही. कासला पठाराभोवती जाळीचं कुंपण घातलं होतं. त्याने पर्यटक आवरले, पण गावची गुरंही अडली. चराई थांबल्यावर उंच गवत माजलं आणि बुटकी फुलझाडं त्याखाली झाकली जाऊ लागल्याची तक्रार गावकऱ्यांनी आणि अभ्यासकांनी केली. पुढे ते कुंपण काढण्यात आलं. गुरांच्या खुरांची पिढ्यान्‌पिढ्या सवय असलेला हा माळ आहे. हंगामी, विखुरलेली चराई त्याला चालते. एकाच जागी, एकाच दुपारी, शेकडो बुटांनी केलेली दाटी त्याला चालत नाही.

आता पर्यायांकडे वळू. ‘कासला पर्याय’ असं शोधलं की लांबलचक याद्या मिळतात. त्यांत महाबळेश्वर असतं, भंडारदरा असतं, माळशेज असतं. ही सगळी सुंदर ठिकाणं, पण ती कासला पर्याय नाहीत. पर्याय शोधायचा तर आधी स्वतःला विचारावं की कासला मला नेमकं काय हवं आहे. काहींना ढगात चालायचं असतं आणि दरीच्या काठावर वारा खायचा असतो. त्यांनी कासला जायची मुळीच गरज नाही, सह्याद्रीचा कोणताही माथा पावसाळ्यात ते देतो. काहींना पायाशी बसून एखादं दवबिंदू, एखादी आमरी, एखादं कंदीलपुष्प डोळे भरून बघायचं असतं. आणि बहुतेकांना हवा असतो तो गालिचा, नजर जाईल तिथवर एका रंगाचा. पहिल्या दोघांना कासपेक्षा चांगल्या जागा मिळू शकतात. तिसऱ्याला प्रामाणिकपणे सांगायला हवं, की इतका मोठा आणि सलग गालिचा दुसरीकडे क्वचितच मिळेल. दुसऱ्या सड्यांवर तो तुकड्या-तुकड्यांनी मिळतो.

मात्र तुकडे पुष्कळ आहेत. गालिचा तयार करणारी गोष्ट कास हे गाव नसून जांभ्याचा सडा ही आहे, आणि सडे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गात जागोजागी पसरलेले आहेत. ते शोधायची एक साधी पद्धत आहे. नकाशा उपग्रहाच्या दृश्यावर ठेवावा आणि उन्हाळ्यातलं चित्र मिळालं तर उत्तम. सपाट माथा, तपकिरी-काळपट उघडा रंग, शेताचे चौकोन नाहीत, झाडांचे ठिपके नाहीत, कडा तुटलेल्या. असा आकार दिसला की तो बहुधा सडा. मग iNaturalist या संकेतस्थळावर त्या भागाच्या नकाशात Utricularia किंवा Eriocaulon असं शोधावं. पहिलं सीतेच्या आसवांचं कूळ, दुसरं गेंदाचं. हौशी निरीक्षकांनी तारखेसकट टाकलेल्या नोंदी दिसतात, त्यावरून तिथे ही फुलं येतात का आणि कोणत्या पंधरवड्यात येतात हे कळतं. दुर्मीळ जातींच्या जागा तिथे मुद्दाम धूसर दाखवतात. ते योग्यच आहे, त्यांच्या मागे लागू नये.

साताऱ्यातच, कासच्या दक्षिणेला चाळकेवाडीचं पठार आहे. सज्जनगडाचा फाटा मागे टाकून थोसेघरच्या पुढे गेलं की ते लागतं. सडा तोच, उंची साधारण तीच, फुलंही बरीचशी तीच. वेगळं काय, तर पठारभर उभ्या पवनचक्क्या. निसर्गाचा फोटो हवा असणाऱ्याला त्या खटकतात आणि म्हणूनच इथे गर्दी कमी आहे. माझ्या मते कासची फुलं बघायला निघालेल्या माणसाने हा सौदा आनंदाने करावा, कारण नजर पायाशी असली की पवनचक्की दिसत नाही. शिवाय पवनचक्क्यांच्या देखभालीसाठी केलेले मुरमाचे रस्ते पठारभर आहेत, त्यांवरून चाललं तर एकही रोप न तुडवता खूप आत जाता येतं.

पण शांत दिसणारी जागा म्हणजे अस्पर्श जागा नव्हे, हेही इथेच शिकायला मिळतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी चाळकेवाडीच्या पठारावर अभ्यास करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी कमी येतात, त्यामुळे तिथे सरड्यांची संख्या वाढलेली आहे आणि ते कमी बुजरे झालेले आहेत. माणसांची वर्दळ नसतानाही यंत्रांनी तिथलं गणित बदललं आहे.

कोल्हापूरकडे पन्हाळ्याजवळ मसाई पठार आहे. लांबच लांब पसरलेला, मसाई देवीचं ठाणं असलेला हा सडा संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे. इथल्या गर्दीचं वेळापत्रक कासहून वेगळं आहे. पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती याच पठारावरून जाते आणि बाजीप्रभूंच्या स्मृतीसाठी निघणारे मोठे जथे जुलैत, १३ जुलैच्या आगेमागे असतात. फुलं त्यानंतर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. म्हणजे एकाच जागेची दोन आकर्षणं दोन वेगळ्या महिन्यांत पडतात आणि फुलांच्या वाट्याला तुलनेने मोकळा माळ येतो. रविवारी कोल्हापूरकर येतात, ते धरून चालावं. धुकं उतरलं की इथे दिशा कळत नाही. म्हणून आलो ती वाट फोनमध्ये नोंदवत चालावं, आणि रेंज जाणार हे धरून नकाशा आधीच उतरवून ठेवावा.

कोकणातल्या सड्यांबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण त्यांच्याकडे कुणी फुलांची जागा म्हणून बघतच नाही. रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण या पट्ट्यात गाव खाली, वाडीत, माडा-पोफळीत असतं आणि वर असतो उघडा सडा. गावाच्या लेखी ती निरुपयोगी जमीन, फार तर गुरं चरायला. श्रावणापासून त्याच सड्यावर कातळाच्या खळग्यांत पाणी धरतं, त्याच्या कडेने गेंदाचे पांढरे ठिपके उमटतात, सीतेच्या आसवांची निळी झाक पसरते, दवबिंदूचे लालसर तारे चिकटलेले दिसतात. कासच्या मानाने उंची फारच कमी, पाऊस लवकर, म्हणून बहरही थोडा आधी, साधारण ऑगस्टच्या मध्यापासून गणपतीपर्यंत. आणि नेमके त्याच दिवसांत मुंबईचे चाकरमानी गावी असतात. गौरीला तेरडा आणायला पोरं बाहेर पडतातच, तशीच आणखी पंधरा मिनिटं वर चालली तर सडा लागतो. ज्याचं मूळ गाव कोकणात आहे त्याला कासच्या नोंदणीसाठी रात्री जागायची गरज नाही. त्याचा सडा त्याच्या घराच्या मागे आहे.

त्यातल्या काही सड्यांवर दुसरंही आकर्षण आहे. बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी, सिंधुदुर्गात कुडोपी, इथल्या कातळावर आदिमानवाने खोदलेली चित्रं आहेत. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. पावसाळ्यात काही चित्रांच्या रेषांत पाणी आणि शेवाळ साचतं, ती नीट बघायला हिवाळा बरा. मात्र फुलं बघायला गेलेल्याने पायाखाली एखादी रेष दिसली तर त्यावरून चालू नये आणि ती खडूने गिरवू नये, एवढं लक्षात ठेवावं.

हे सगळं प्रत्यक्षात कसं वापरायचं, ते एका उदाहरणाने बघू. समजा पुण्यातलं चौघांचं कुटुंब आहे, नवरा-बायको, आठवीतली मुलगी आणि आजी. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार-रविवार मोकळा आहे. मुलीला शाळेत कीटकभक्षी वनस्पती शिकवल्यात, तिला दवबिंदू बघायचा आहे. आजींचे गुडघे दुखतात, त्यांना फार चालवत नाही. नोंदणीच्या पानावर शनिवार-रविवार दोन्ही भरलेले, सोमवारपासून जागा आहेत. इथे बहुतेक जण एक तर विचार सोडून देतात, नाहीतर नोंदणीशिवाय जाऊन बघू म्हणून निघतात आणि घाटात अडकतात.

या कुटुंबाची गरज मात्र गालिचा नाही, दवबिंदू आहे. तो कुठल्याही ओल्या कातळाच्या कडेला मिळू शकतो. म्हणून चाळकेवाडी. पण त्या रस्त्यावर थोसेघरचा धबधबा आहे आणि सुट्टीच्या दिवशी साडेदहा-अकरापासून तिथल्या वाहनतळाशी रस्ता दाटतो, सज्जनगडाला जाणाऱ्या गाड्या वेगळ्याच. म्हणजे धबधब्यावरून नऊच्या आत पुढे गेलं पाहिजे. पुणे ते सातारा साधारण ११० किलोमीटर, त्यापुढे घाटाचा तासभर. पहाटे पाचला निघणं आजींना जड, म्हणून शुक्रवारी रात्रीच साताऱ्यात मुक्काम करावा आणि शनिवारी सातला नाश्ता बांधून घेऊन निघावं. आठ-सव्वाआठला पठारावर. गाडी मुरमाच्या रस्त्यावर, झुडपात न घुसवता लावायची. आजी गाडीजवळ खुर्ची टाकून बसू शकतात, कारण फुलं रस्त्याच्या कडेपासूनच आहेत. मुलीने उघड्या कातळावरून चालत, पाणी झिरपतं त्या कडा धरत शोधायचं. दवबिंदू रुपयाएवढा किंवा त्याहून लहान, लालसर आणि जमिनीला चिकटलेला असतो, उभं राहून दिसत नाही, वाकावं लागतं. साडेदहाला परत फिरलं तर धबधब्याकडे येणाऱ्या गाड्या समोरून येतील, तुम्ही उलट्या दिशेला असाल. दुपारी सज्जनगडाच्या पायथ्याशी किंवा साताऱ्यात जेवण.

आणि कासच बघायचं असेल तर रविवारचा मुक्काम वाढवून सोमवारी सकाळच्या पहिल्या वेळेची नोंदणी करावी. मुलीची एक दिवस शाळा बुडेल. मला विचाराल तर दवबिंदूसाठी ती बुडायला हरकत नाही.

पर्यायी ठिकाणांची एक गोष्ट मला बोचते, आणि ती न सांगता नावं देणं बरोबर होणार नाही. कासला वाटा आखलेल्या आहेत, गावातली माणसं लक्ष ठेवायला आहेत, शौचालयं आहेत, कचऱ्याची सोय आहे. एखाद्या अनोळखी सड्यावर यातलं काहीच नसतं. त्यामुळे कासला पाचशे माणसं करतील त्याहून जास्त नुकसान तिथे पन्नास माणसं करू शकतात. म्हणून अशा जागी मोठा गट नेऊ नये, एका गाडीत मावेल तेवढाच न्यावा. पाय कातळावर किंवा गाडीरस्त्यावर ठेवावा, गवत आणि माती यांवर नाही. फोटो टाकताना तालुक्याचं नाव पुरे, नेमका बिंदू देऊ नये. पुष्कळसे सडे खाजगी किंवा गावकीच्या मालकीचे असतात, तेव्हा वाटेतल्या वाडीत थांबून विचारावं. विचारलं की वाटही कळते आणि काल किती गाड्या आल्या होत्या हेही कळतं. नकाशावरच्या पट्ट्यांपेक्षा ही माहिती पक्की असते.

परतीच्या पावसाच्या दिवसांत, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, दुपारनंतर ढग गडगडू लागतात. सड्यावर माणूस हीच सर्वांत उंच वस्तू असते, आणि चाळकेवाडीला पवनचक्कीच्या खांबाचा आडोसा घेणं हा उपाय नव्हे. पहिला गडगडाट ऐकू आला की गाडीत बसून काचा लावाव्यात. सकाळी लवकर जाण्याचं हे दुसरं कारण आहे.

फुलांचा हंगाम चुकलाच, तर चाळकेवाडीला मार्च ते मे या महिन्यांत जावं. तेव्हा सडा करपलेला असतो, फूल एकही नसतं आणि माणूस सहसा भेटत नाही. पण या पठारावर २०१६ मध्ये नव्याने नोंद झालेली सरड्याची एक जात आहे, सारडा सुपर्बा. विणीच्या त्या दिवसांत नर उंचशा दगडावर चढतो आणि गळ्याखालचा निळा, काळा, नारिंगी पंखा उघडमीट करत मादीला बोलावतो. उन्हं तापू लागली की ते बाहेर येतात, म्हणून सकाळी नऊच्या पुढे जावं. दुर्बीण असेल तर बरोबर घ्यावी आणि रस्त्यावरूनच बघावं. दगडाच्या जवळ गेलं तर तो पंखा मिटतो.